एक उसाची पावती आणि चार हिशेबी माणसे



नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. शनिशिंगणापूर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. मुळा धरणाचे पाणी या भागात आले, माळरानावर ऊस उभा राहिला, आणि उसापाठोपाठ सोनईस मुळा सहकारी साखर कारखाना आला. गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊसगाड्यांची रांग लागते, वजनकाट्यावर एकेक गाडी चढते आणि गाडीवानाच्या हाती एक पावती पडते. ती लहानशी पावती पुढे वर्षभर चार निराळ्या माणसांच्या हातांतून फिरते. चौघेही हिशेबाचेच काम करतात. गावात चौघांनाही एकच नाव, 'हिशेबवाले'. पण खरे पाहता चौघांची कामे निराळी, त्यांची शिक्षणे निराळी, आणि पावतीकडे पाहून त्यांच्या मनात येणारे प्रश्नही निराळे. हे चौघे कोण, ते आपल्याकडे केव्हा व कसे आले, आणि त्यांच्या कामांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे आज आपण पाहू.

हिशेबाच्या कामाची वाटणी आपल्याला नवी नाही. मराठेशाहीत जमाखर्च लिहिणारा एक, रोकड सांभाळणारा पोतनीस दुसरा, कोठाराकडे पाहणारा कारखानीस तिसरा, आणि सगळ्यांचे हिशेब पाहणारा मुजुमदार चौथा. ही आडनावे आजही आपल्या शाळांच्या हजेरीपटावर सापडतात. या वाटणीमागे साधे शहाणपण होते. ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती वही देऊ नये, आणि ज्याच्या हाती वही त्यानेच ती तपासू नये. साखर कारखान्यासारखी मोठी संस्था खेड्यात उभी राहिली, तेव्हा हेच शहाणपण नव्या नावांनी परत आले.

आपल्याच जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून प्रवरेचा सहकारी कारखाना काढला. 1950-51 च्या हंगामात त्याचे पहिले गळीत झाले. त्याचे पहिले अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या अध्यक्षपदी अर्थशास्त्राचा माणूस बसावा, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी शेतकऱ्याला सावकाराची वही माहीत होती, पण ती दुसऱ्याची वही होती. आता प्रथमच हजारो सभासदांची मिळून एक वही झाली, आणि ती कोणी लिहावी, कोणी तपासावी, हा प्रश्न सर्वांचा झाला.

आता आपली पावती घेऊ. यापुढे मी देणार असलेले ऊस, भाव आणि खर्च यांचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, ते कोणत्याही एका कारखान्याचे नव्हेत.

समजा, एका शेतकऱ्याने 10 टन ऊस घातला आणि कारखान्याच्या दारातील भाव टनाला 3,500 रुपये आहे. म्हणजे झाले 35,000. पावती पहिल्याने येते ती हिशेबनिसाकडे. तो विचारतो, "कोणाचे, किती, आणि केव्हा?" तो ऊस खरेदी खात्यावर 35,000 नावे टाकतो आणि शेतकऱ्याच्या खात्यावर तितकेच जमा करतो. त्यानंतर तोडणी-वाहतुकीचे 9,000 वजा होतात. गावच्या सोसायटीचे पीककर्ज असेल तर समजा 12,000 वसुलीपोटी थेट तिकडे जातात. उरलेले 14,000 शेतकऱ्याच्या बँक खात्यावर पडतात. शेतकऱ्याला दिसतात ते 14,000, पण वहीत मात्र 35,000 चा पूर्ण प्रवास दिसला पाहिजे. कोणता रुपया कोणत्या वाटेने गेला हे दाखविणे, हेच हिशेबनिसाचे काम. रोजकीर्द, खतावणी आणि मग तेरीज, हा त्याचा जुना रस्ता. आज तो संगणकावर चालतो, पण रस्ता तोच आहे.

इथे एक समजूत दूर केली पाहिजे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे पुष्कळ लोक धरून चालतात. तसे नाही. समजा गावात एकाच नावाचे दोन सभासद आहेत आणि पहिल्याची पावती दुसऱ्याच्या खात्यावर चढली. नावे 35,000, जमा 35,000. तेरीज अगदी पैशापैशाने जुळेल, आणि तरीही एका माणसाचे पैसे दुसऱ्याच्या घरी जातील. तेरीज इतकेच सांगते की दोन्ही बाजूंना सारखी रक्कम लिहिली आहे. ती योग्य माणसाच्या नावावर लिहिली की नाही, हे तिला कळत नाही. म्हणून चांगला हिशेबनीस नाव पाहून खतावत नाही, सभासद क्रमांक आणि गट नंबर पाहून खतावतो. आणि शहाणा शेतकरी हंगाम संपेपर्यंत आपल्या पावत्या जपून ठेवतो व खातेउताऱ्याशी ताडून पाहतो.

पावतीवरचा आकडा दुसऱ्याने पोचतो तो कॉस्ट अकौंटंटकडे, म्हणजे परिव्यय लेखापालाकडे. हा शेतकऱ्याचे नावसुद्धा विचारीत नाही. तो विचारतो, "या उसाची साखर झाली ती आपल्याला काय भावाने पडली?" शंभर टन ऊस घेऊ. 3,500 च्या भावाने त्याचे साडेतीन लाख झाले. साखरेचा उतारा 11 टक्के बसला तर 11 टन, म्हणजे 110 क्विंटल साखर झाली, आणि एका क्विंटलमागे नुसत्या उसाचे 3,182 रुपये पडले. उतारा 10 टक्क्यांवर आला तर साखर 100 क्विंटल, आणि क्विंटलमागे उसाचेच 3,500 पडले. हिशेबनिसाच्या वहीत दोन्ही वेळी ऊसखरेदी साडेतीन लाखच दिसते. पण एका टक्क्याच्या उताऱ्याने क्विंटलमागे 318 रुपयांचा फरक पडला, हे सांगणारा माणूस निराळा लागतो.

तो आणखी एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे काही खर्च उसाबरोबर वाढतात, काही मात्र ऊस येवो न येवो, व्हायचेच. कायम नोकरांचे पगार, कर्जाचे व्याज, यंत्रांचा घसारा हे त्यांतले. समजा असा बांधलेला खर्च वर्षाला 30 कोटी आहे. सहा लाख टन ऊस गाळला तर टनामागे 500 रुपये पडतात. पाऊस कमी झाला, ऊस चार लाख टनच आला, तर तोच खर्च टनामागे 750 रुपये होतो. त्या वर्षी कोणी चोरी केलेली नसते, कोणी उधळपट्टी केलेली नसते, तरीही शेतकऱ्याला द्यायचा भाव खाली येतो. तो का आला हे सभासदाला समजावून सांगण्याची शिदोरी याच माणसाजवळ असते. मळी विकून, बगॅसवर वीज करून काही रक्कम परत येते, तीही तो साखरेच्या खर्चातून वजा करून दाखवितो. मात्र हे विसरू नये की, एकाच उसातून साखर, मळी आणि बगॅस तिन्ही निघतात, तेव्हा कोणावर किती खर्च टाकावा यात त्याच्या निवाड्याचा भाग असतो. हिशेबनिसाच्या पावतीसारखे ते उघड सत्य नव्हे.

हा तिसऱ्या-चौथ्या पिढीतला पेशा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकार कारखान्यांकडून मोठ्या प्रमाणावर माल घेऊ लागले, आणि माल तयार करण्यास खरा खर्च किती, हे सांगणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. 1944 मध्ये कलकत्त्यास या मंडळींची संस्था निघाली आणि 1959 मध्ये संसदेने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

वर्ष संपले की वह्या लेखापरीक्षकापुढे जातात. याला आपण ऑडिटर म्हणतो. त्याचा प्रश्न असा, "लिहिले आहे ते खरे कशावरून?" तो स्वतः काही लिहीत नाही. दुसऱ्याने लिहिलेले तो तिसऱ्याच्या कागदाशी ताडून पाहतो. समजा, बिलांच्या बेरजेवरून कारखान्याने 4,00,600 टन उसाचे पैसे दिले आहेत. वह्या जुळतात, तेरीज जुळते. लेखापरीक्षक मात्र वजनकाट्याची नोंद मागवितो. तिथे 4,00,000 टन निघतात. मग तो गाळपाच्या आणि प्रयोगशाळेच्या नोंदी पाहतो, कारण त्या हिशेब विभागाच्या हातच्या नसतात. गाळपही चार लाखांचेच. म्हणजे सहाशे टनांच्या पावत्या ऊस न येताच लिहिल्या गेल्या, किंवा काही पावत्या दोनदा चढल्या. चूक की लबाडी, हे पुढे कळेल, पण शंका कुठे घ्यावी हे आता कळले. तीच गोष्ट गोदामाची. साखर बँकेकडे तारण असते. गोदामाचे रजिस्टर, बँकेचे तारणाचे रजिस्टर आणि प्रत्यक्ष पोत्यांच्या थप्प्या, या तिन्हींची गाठ घालून पाहणे हे त्याचे काम.

लेखापरीक्षकाच्या कामाला मर्यादाही आहे आणि ती सभासदांनी जाणली पाहिजे. तो लाखो पावत्यांपैकी निवडक पाहतो, सगळ्या पाहत नाही. त्याचा अहवाल म्हणजे ताळेबंद वास्तव आणि रास्त चित्र दाखवितो की नाही, याविषयीचे मत असते. संस्था शहाणपणाने चालली आहे, किंवा भाव चांगला दिला आहे, असा तो दाखला नव्हे. सहकारी संस्थेच्या बाबतीत त्याने काढलेल्या उणिवा संस्थेला दूर कराव्या लागतात आणि तसा दोष-दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. हा अहवाल वाचण्याची सवय फार थोड्या सभासदांना असते. खरे म्हणजे वार्षिक अहवालातील सर्वांत उपयोगी पाने तीच.

या पेशाचा इतिहास आपल्या सहकारी चळवळीइतकाच जुना आहे. 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्यानेच दरवर्षी तपासणी बंधनकारक केली आणि ती निबंधकाकडे सोपविली. कंपन्यांच्या हिशेबांसाठी 1913 चा कायदा आला. पुढे मुंबईस 1918 पासून सरकारी हिशेबशास्त्र पदविका सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये चार्टर्ड अकौंटंट्सचा कायदा झाला आणि त्या वर्षाच्या 1 जुलैपासून त्यांची संस्था काम करू लागली.

आता राहिला चौथा, कर सल्लागार. हिशेब लिहून झाला, खर्च काढून झाला, तपासूनही झाला. मग याचे काम काय? याचा प्रश्न सर्वांत वेगळा आहे. तो विचारतो, "या रकमेला कायदा काय म्हणतो?" वहीत आपण एखाद्या रकमेला खर्च म्हणू, पण आयकर अधिकारी तिला नफ्याची वाटणी म्हणू शकतो. आणि ही नुसती कल्पना नव्हे. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांना या एका प्रश्नाने वर्षानुवर्षे घेरले होते. ती हकीकत जरा सावकाश सांगतो, कारण चौघांची कामे कशी निराळी आहेत हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेच दिसत नाही.

1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार उसाचा किमान वैधानिक भाव ठरवीत असे. 1974 मध्ये त्यात 5-अ हे कलम आले. हंगाम संपल्यावर साखरेच्या विक्रीतून ठरावीक खर्च वजा जाता जी शिल्लक राहील, तिचा अर्धा वाटा अधिक भाव म्हणून ऊस उत्पादकाला द्यावा, अशी त्यातील योजना. आपल्या राज्यात सहकारी कारखाने पहिली उचल देत, मग दुसरा हप्ता देत, आणि शेवटी राज्य सरकारच्या संमतीने अंतिम भाव ठरे. तो किमान भावापेक्षा पुष्कळ वर असे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सगळाच उसाचा भाव. हिशेबनिसानेही तो सगळा ऊस खरेदी खात्यावरच लिहिला. पैसे खरोखर दिले गेले, म्हणून लेखापरीक्षकाचीही त्याला हरकत नव्हती.

आयकर खात्याचे म्हणणे वेगळे पडले. ते असे की, किमान भावापर्यंतची रक्कम हा उसाचा खर्च. त्यावरची रक्कम म्हणजे सभासदांना वाटलेला नफा. नफा आधी होतो आणि मग वाटला जातो, म्हणून त्यावर कारखान्याने कर भरला पाहिजे. समजा किमान भाव टनाला 500 आणि अंतिम भाव 700. फरक 200 रुपयांचा. चार लाख टनांवर तो 8 कोटी होतो. त्यावर 30 टक्क्यांनी 2 कोटी 40 लाख कर, शिवाय व्याज. आणि कारखान्याजवळ तर ते आठ कोटी उरलेलेच नाहीत. ते केव्हाच शेतकऱ्यांच्या घरी गेले, त्यातून कुणाचे लग्न झाले, कुणाची विहीर झाली.

वाद वर्षानुवर्षे चालला. शेवटी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या आणि त्याबरोबरच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने 5 मार्च 2019 रोजी निर्णय दिला. न्यायालयाने दोन्ही पक्षांचे टोकाचे म्हणणे मान्य केले नाही. फरकाची सगळी रक्कम नफा नव्हे आणि सगळी खर्चही नव्हे. 5-अ प्रमाणे ठरलेल्या अंतिम भावात नफ्याचा जो अंश असेल तेवढीच नफ्याची वाटणी, बाकीचा खर्च. आणि तो अंश किती, हे अंतिम भाव ठरविताना पुढे ठेवलेले हिशेब व कागदपत्रे पाहून आयकर अधिकाऱ्याने ठरवावे.

आता आपण विचार करा, हा अंश कोणत्या वहीत सापडेल? हिशेबनिसाच्या वहीत 200 रुपये दिल्याची नोंद आहे, पण त्याची फोड नाही. लेखापरीक्षकाच्या अहवालात रक्कम खरोखर दिल्याची खात्री आहे, पण ती का दिली याची वाटणी नाही. ती फोड निघते फक्त खर्चाच्या हिशेबातून, म्हणजे साखर किती झाली, विक्री किती, खर्च किती, शिल्लक किती आणि तिचा अर्धा किती, या पत्रकातून. समजा त्या पत्रकावरून दिसले की 200 पैकी 60 रुपयेच शिल्लकेतला वाटा होता आणि 140 हा उसाचा खरा मोबदला होता. मग नफा 8 कोटी न राहता 2 कोटी 40 लाख होतो आणि कर 72 लाखांवर येतो. ज्या कारखान्याने जुन्या हंगामाची ती पत्रके जपून ठेवली त्याला बोलायला जागा राहिली. ज्याने रद्दीत घातली त्याला आपले म्हणणे सिद्ध करणे जड गेले असणार. कर सल्लागाराची हुशारी कितीही असो, मागचे तिघे नीट काम करीत नसतील तर त्याच्या हाती मांडण्यासारखे काही नसते.

न्यायालयात वाद चालू असतानाच कायदाही बदलत होता. 2015 च्या वित्त कायद्याने अशी तरतूद केली की, सरकारने ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंत दिलेली उसाची किंमत सहकारी साखर कारखान्याचा खर्च म्हणून धरली जाईल. ती 2016-17 या करआकारणी वर्षापासून लागू झाली. 'सरकार' या शब्दात राज्य सरकार येते की नाही, अशी शंका उरली होती. ऑक्टोबर 2021 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने राज्य सरकारने मान्य केलेला भावही त्यात येतो असे परिपत्रक काढले. तरी 2016-17 च्या मागची वर्षे तशीच लोंबकळत होती. 2023 च्या अर्थसंकल्पाने त्या वर्षांसाठीही वाट मोकळी केली. कारखान्याने अर्ज करावा आणि अधिकाऱ्याने उत्पन्न नव्याने मोजावे, अशी ती योजना. यातून सुमारे 10,000 कोटी रुपयांचा दिलासा मिळेल असे अर्थमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले.

या सवलतीलाही कुंपण आहे. ती सरकारने ठरविलेल्या किंवा मान्य केलेल्या भावापर्यंतच आहे. त्याहून अधिक दिले तर जुना प्रश्न पुन्हा उभा राहू शकतो. मधल्या काळात 2009-10 च्या हंगामापासून किमान वैधानिक भाव जाऊन रास्त व किफायतशीर भाव, ज्याला आपण एफ.आर.पी. म्हणतो, तो आला. 2025-26 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये ठरला. आयकराचा कायदाही बदलला. 1922 च्या कायद्याची जागा 1961 च्या कायद्याने घेतली होती, त्याची जागा 2025 च्या कायद्याने 1 एप्रिल 2026 पासून घेतली. कलमांचे क्रमांक बदलले. अशा बदलांमुळेच कर सल्लागाराचे शिकणे कधी संपत नाही. हिशेबनिसाला जमा आणि नावे एकदा कळले की ते जन्मभर पुरते, याला मात्र दर फेब्रुवारीत नव्याने पाटी घ्यावी लागते.

शिक्षक मंडळी आता विचारतील, गावातल्या मुलाने वा मुलीने यांपैकी कोणत्या वाटेने जावे आणि ती वाट कुठून सुरू होते?

हिशेबनीस होण्यास कायद्याने ठरविलेली अशी एकच परीक्षा नाही. वाणिज्य शाखेचे शिक्षण, संगणकावर हिशेब लिहिण्याचा सराव, आणि एखाद्या सोसायटीत किंवा पतसंस्थेत दोन वर्षे हात बसला म्हणजे काम मिळू लागते. नीटनेटकेपणा आणि रोजचे काम रोज करण्याची सवय ही त्याची खरी पदवी.

परिव्यय लेखापाल आणि चार्टर्ड अकौंटंट या दोन्ही वाटा बारावीनंतर सुरू होतात. दोन्हींत प्राथमिक, मधली आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा आहेत आणि प्रत्यक्ष कामाचे शिक्षणही आहे. पण त्यांच्या संस्था निराळ्या आणि अधिकारही निराळे. ज्या मुलाला यंत्र कसे चालते, माल कसा तयार होतो, नासाडी कुठे होते याचे कुतूहल आहे, त्याला पहिली वाट मानवते. कंपनीचा ताळेबंद तपासून त्यावर सही करण्याचा, तसेच आयकराच्या कायद्याखालील लेखापरीक्षण करण्याचा अधिकार मात्र चार्टर्ड अकौंटंटकडे आहे.

सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाला आपल्या राज्यात आणखी एक वाट आहे, आणि ती खेड्यातल्या पदवीधराला जवळची आहे. सहकार खाते दरवर्षी शासकीय सहकार व लेखा पदविकेची परीक्षा घेते. तिला लोक जी.डी.सी. अँड ए. म्हणतात. पदवीधराने ती उत्तीर्ण होऊन, पुरेसा अनुभव घेऊन सहकार खात्याच्या नामिकेवर नाव लावले, की सोसायट्या, पतसंस्था, दूधसंस्था यांची तपासणी करता येते. ज्याला 'हे खरे कशावरून?' असे न भिता, न भांडता विचारता येते, त्याने ही वाट धरावी.

कर सल्लागार या नावाची एकच पदवी नाही. चार्टर्ड अकौंटंट, वकील, किंवा वाणिज्य पदवी घेऊन कायद्याप्रमाणे नोंदणी झालेला व्यवसायी, असे निरनिराळे लोक हे काम करतात. वस्तू व सेवा कराच्या कामासाठी वेगळी नोंदणी आणि परीक्षा आहे. तेव्हा एखाद्याच्या पाटीवर नुसते 'कर सल्लागार' लिहिलेले पाहून थांबू नये. तो कोणत्या नोंदणीखाली काम करतो आणि कोणत्या कामाचा त्याला अधिकार आहे, हे सरळ विचारावे. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. वाचनाची आवड, शब्दांची पारख आणि अधिकाऱ्यापुढे शांतपणे बाजू मांडण्याची हातोटी हे या कामाचे भांडवल.

आता सभासद शेतकऱ्यांसाठी एक शेवटची गोष्ट. कारखान्याची किंवा सोसायटीची वार्षिक सभा आली म्हणजे मंचावरील एकाच माणसाला सगळे प्रश्न विचारले जातात, आणि म्हणून एकाचेही उत्तर नीट मिळत नाही. आपल्या खात्यावर पावती चढली नाही, तर प्रश्न हिशेबनिसाचा आहे आणि त्याला सभा लागत नाही, पावती व खातेउतारा पुरतो. शेजारच्या कारखान्यापेक्षा आपला भाव कमी का, तर उतारा, गाळप आणि टनामागचा बांधलेला खर्च हे तीन आकडे मागावे. ते खर्चाच्या हिशेबात असतात. गोदामातली साखर खरोखर आहे का, गेल्या वर्षीच्या उणिवा दूर झाल्या का, हे लेखापरीक्षकाच्या अहवालात आणि दोष-दुरुस्ती अहवालात शोधावे. आणि दिलेल्या भावावर उद्या आयकराची मागणी येईल काय, सरकारची मान्यता कोणत्या भावापर्यंत आहे व तिचा कागद कुठे आहे, हे कर सल्लागाराकडून आलेल्या उत्तरातून समजून घ्यावे. ज्याचा प्रश्न त्यालाच विचारला, तर सभेत आवाज न चढविताही पुष्कळ काही कळते.